पी, बंद, दहा सेकंद : ऑटोमॅटिक गाडीचा लिम्प मोड

ऑटोमॅटिक गाडीचा गिअरबॉक्स चालकाशी सहसा बोलत नाही. बोलतो तेव्हा त्याच्याकडे सांगण्यासारख्या दोनच गोष्टी असतात. पहिली म्हणजे ‘ऑइल फार तापलंय’. दुसरी म्हणजे ‘माझा कशावर तरी विश्वास उरलेला नाही, आता मी एकाच गिअरवर चालणार’. या दुसऱ्या अवस्थेला गॅरेजमध्ये लिम्प मोड म्हणतात. डॅशबोर्डवर दोन्ही वेळा पिवळा किंवा लाल दिवा लागतो, दोन्ही वेळा गाडी मलूल होते, आणि घाटात दोन्ही वेळा मागचे हॉर्न वाजवतात. पण उपाय एकमेकांच्या उलटे आहेत. ऑइल तापलं असेल तर गाडी बाजूला घेऊन इंजिन चालू ठेवायचं. लिम्प मोड लागला असेल तर इंजिन बंद करून थोडं थांबायचं. बरेच चालक नेमकं उलट करतात. तापल्यावर घाबरून किल्ली फिरवतात, आणि लिम्प मोडमध्ये अॅक्सिलरेटर दाबून गाडीला पुढे रेटत राहतात.

हे उपाय उलटे का आहेत ते समजायला एक ठरावीक गिअरबॉक्स समोर ठेवलेला बरा. मी मर्सिडीजचा ७२२.६ घेतो. १९९६ साली बाजारात आलेला हा पाच गिअरांचा डबा मर्सिडीजच्या जवळपास सगळ्या श्रेणीत बसला, आणि पुढे क्रायस्लर आणि सांगयोंगच्या गाड्यांतही गेला. महाराष्ट्राशी त्याचं नातं जवळचं आहे. पुण्यात जोडल्या गेलेल्या डब्ल्यू २१० पिढीच्या ई-क्लासमध्ये तो होता. २०१२ पासून महिंद्राने चाकणला जोडलेल्या रेक्स्टनच्या ऑटोमॅटिक आवृत्तीतही मर्सिडीजचाच पाच गिअरांचा डबा होता. आज या गाड्या दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे आहेत, त्यामुळे लिम्प मोडचा अनुभव त्यांच्या मालकांना भरपूर. शिवाय या डब्याची आपत्कालीन योजना इतकी उघडी आणि यांत्रिक आहे की ती कळली की बाकीच्यांची कळायला वेळ लागत नाही.

आधी उष्णतेचं बघू. मॅन्युअल गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये क्लच प्लेट असते. ७२२.६ सारख्या पारंपरिक ऑटोमॅटिकमध्ये तिच्या जागी टॉर्क कन्व्हर्टर असतो. ऑइलने भरलेल्या बंद भांड्यात समोरासमोर दोन पंखे बसवलेले असतात. एक इंजिन फिरवतं, त्याने फेकलेल्या ऑइलच्या जोरावर दुसरा फिरतो आणि गिअरबॉक्सला गती देतो. गाडी उभी आहे आणि लिव्हर ‘डी’मध्ये आहे, तेव्हा पहिला पंखा फिरतोय आणि दुसरा थांबलेला आहे. इंजिन ऑइलमध्ये घालतं ती सगळी शक्ती त्या वेळी कुठेच जात नाही, ऑइलमध्येच जिरते, म्हणजे तिची उष्णता होते.

किती उष्णता? माणसं आणि सामान धरून दोन टनांची गाडी घ्या, आणि दहाला एक असा चढ घ्या. गाडी मागे येऊ नये म्हणून चाकांना साधारण दोनशे किलोचा रेटा हवा. ७२२.६ च्या मोठ्या आवृत्तीत पहिल्या गिअरचं गुणोत्तर ३.५९ आहे, मागच्या डिफरन्शियलचं तीनच्या आसपास धरू. कन्व्हर्टर स्वतःही थांबलेल्या अवस्थेत जोर साधारण दुप्पट करतो. हिशेब केला तर इंजिन नुसतं आयडलिंगला असलं तरी गाडी तिथे जेमतेम तोलली जाते, आणि त्या वेळी कन्व्हर्टरमध्ये साधारण दोन किलोवॉट उष्णता तयार होत असते. घरच्या स्टोरेज गीझरची कॉइल तेवढीच असते, फक्त इथे ती पंधरा लिटर पाण्यात नाही, आठ लिटर ऑइलमध्ये आहे. कुठूनही थंडावा मिळाला नाही तर हे ऑइल मिनिटाला आठ-नऊ अंशांनी तापत जाईल. ब्रेक सोडून, थोडं पुढे जाऊन, पुन्हा थांबून रांगेत सरकताना अॅक्सिलरेटर दाबला जातो आणि हा आकडा आणखी वाढतो.

थंडावा अर्थातच मिळतो. गिअरबॉक्सच्या पुढच्या तोंडाशी एक पंप आहे, तो ऑइल नळीतून गाडीच्या रेडिएटरकडे पाठवतो. रेडिएटरच्या एका बाजूच्या टाकीत ऑइलची छोटी जाळी बुडवलेली असते, तिच्याभोवती इंजिनचं कूलंट खेळतं. म्हणून एरवी ऑइलचं तापमान कूलंटच्या जवळपास, ८० ते ९५ अंशांत राहतं. पण यातच या व्यवस्थेची मर्यादा आहे. ऑइल थंड करणारं पाणी स्वतःच नव्वद अंशांचं आहे, त्यामुळे इंजिन तापलं की गिअरबॉक्स तापणारच. फॅन अडखळला, रेडिएटरच्या जाळीत चिखल आणि किडे अडकले, की त्याचा पहिला बळी कधीकधी गिअरबॉक्स ठरतो आणि इंजिनच्या तापमानाचा काटा अजून बरा दिसत असतो. ऑइल १२० च्या पुढे फार वेळ राहिलं की ते झपाट्याने खराब होऊ लागतं, काळं पडतं, पातळ होतं, आणि आतल्या रबरी सील कडक होऊ लागतात.

आता इंजिन चालू का ठेवायचं ते आपोआप कळतं. तो पंप कन्व्हर्टरच्या कवचावर चालतो, आणि ते कवच इंजिनबरोबर फिरतं. इंजिन बंद केलं की पंप थांबला. पंप थांबला की तापलेलं ऑइल कन्व्हर्टरमध्येच अडकून राहतं, रेडिएटरपर्यंत पोचतच नाही. याउलट लिव्हर ‘पी’मध्ये टाकून इंजिन चालू ठेवलं तर दुसरा पंखाही मोकळा फिरतो, नवी उष्णता जवळजवळ थांबते, आणि पंप जुनी उष्णता बाहेर नेत राहतो. टोयोटाच्या मोठ्या गाड्यांत ‘A/T OIL TEMP’ नावाचा वेगळा दिवा असतो. तो लागला तर सुरक्षित जागी थांबून लिव्हर पीमध्ये घ्यावा, दिवा विझेपर्यंत इंजिन आयडलिंगला चालू ठेवावं आणि मगच निघावं, असं पुस्तिकेत लिहिलेलं असतं. फक्त तीन वेळा हे करू नये : इंजिनच्या तापमानाचाही काटा वर गेला असेल तेव्हा, बॉनेटखालून वाफ किंवा धूर येत असेल तेव्हा, आणि गाडीखाली ऑइल सांडलेलं दिसत असेल तेव्हा. तेव्हा इंजिन लगेच बंद करायचं.

घाटात रांग अडकली की ब्रेकवर पाय ठेवून ‘डी’मध्ये उभं राहण्याची आपली सवय या हिशेबात महागाची आहे. हँडब्रेक ओढून न्यूट्रलमध्ये घेतलं की गीझर बंद होतो. आणि अॅक्सिलरेटरच्या जोरावर गाडी चढावर तोलून धरण्याचं जे कौशल्य काही जण मिरवतात, ते ऑटोमॅटिकमध्ये सरळ ऑइल उकळण्याचं काम आहे.

७२२.६ मध्ये हे तापमान मोजणारा सेन्सर व्हॉल्व्ह बॉडीवरच्या एका प्लॅस्टिकच्या पट्टीत बसवलेला आहे. तिला कंडक्टर प्लेट म्हणतात, आणि ती सतत गरम ऑइलच्या सान्निध्यात असते. गिअरबॉक्सच्या आतल्या वेगाचे दोन सेन्सर आणि ‘पी’ किंवा ‘एन’ ओळखणारा एक रीड स्विच हेही त्याच पट्टीवर. इथे मर्सिडीजच्या इंजिनियरांनी एक वायर वाचवली आहे : तापमानाचा सेन्सर आणि तो रीड स्विच एकामागोमाग एकाच वाटेवर जोडले आहेत. त्यामुळे लिव्हर पी किंवा एनमध्ये असताना स्विच उघडा, वाट तुटलेली, आणि ऑइलचं तापमान कॉम्प्युटरला दिसतच नाही. तो त्या वेळी इंजिनच्या कूलंटचं तापमान उसनं घेतो.

ही बारीक गोष्ट वाटते, पण ऑइलची पातळी मोजताना तीच आडवी येते. या डब्याला मालकासाठी डिपस्टिक दिलेली नाही. नळी आहे, पण तिच्या तोंडावर सीलबंद टोपी असते, आणि पातळी वर्कशॉपच्या वेगळ्या काठीने मोजायची असते. ऑइल तापलं की फुगतं, म्हणून त्या काठीवर २५ अंशांच्या खुणा वेगळ्या आणि ८० अंशांच्या वेगळ्या. खरी मानायची ती ८० ची. मोजायचं असतं इंजिन चालू ठेवून आणि लिव्हर पीमध्ये ठेवून, आणि नेमकं त्याच वेळी स्कॅनरवर दिसणारं तापमान ऑइलचं नसतं, कूलंटचं असतं. जाणता मेकॅनिक म्हणून ब्रेक दाबून लिव्हर क्षणभर ‘डी’त घेतो, खरं तापमान वाचतो, मग पीमध्ये परत येऊन काठी घालतो. ज्याला हे माहीत नाही तो ५० अंशांवरचं ऑइल ८० च्या खुणेपर्यंत भरतो. गाडी रस्त्यावर तापली की पातळी वर जाते, फिरते भाग ऑइल घुसळतात, फेस होतो, आणि पंप ऑइलऐवजी हवेचे बुडबुडे दाबू लागतो. कमी ऑइलने जे होतं तेच मग जास्त ऑइलनेही होतं.

इथून आपण लिम्प मोडकडे येतो. नुसतं ऑइल तापलं म्हणून गिअरबॉक्स सहसा लगेच लिम्प मोडमध्ये जात नाही. बऱ्याच गाड्या आधी इंजिनची ताकद थोडी कापतात किंवा गिअर बदलण्याच्या वेळा बदलतात. पण तापल्याने ऑइल पातळ होतं, दाब कमी पडतो, आतल्या क्लच प्लेट घट्ट धरत नाहीत, आणि घसरण सुरू होते. ही घसरण कॉम्प्युटरला चालत नाही.

ती त्याला कळते कशी, तर गणिताने. गिअरबॉक्समध्ये शिरणारा वेग त्याला आतल्या सेन्सरांवरून कळतो, बाहेर पडणारा वेग चाकांच्या एबीएस सेन्सरांवरून. एकाला दुसऱ्याने भागलं की चालू गिअरचं गुणोत्तर यायला हवं : दुसऱ्यात २.१९, तिसऱ्यात १.४१, चौथ्यात १. तिसरा गिअर लावलेला असताना उत्तर १.४१ न येता १.६ येत असेल, तर दोनच शक्यता आहेत. एक तर प्लेट घसरतायत, नाहीतर सेन्सर खोटं बोलतोय. कॉम्प्युटर यातलं कुठलं खरं याचा फार विचार करत नाही. पुन्हा पुन्हा तसंच आलं की तो हात वर करतो आणि सगळ्या सोलेनॉइडांची वीज तोडतो.

वीज तोडल्यावर जे घडतं ते मला या यंत्राच्या रचनेतलं सर्वांत सुंदर वाटतं. ७२२.६ मध्ये गिअर बदलणाऱ्या सोलेनॉइडांना वीज फक्त बदल घडवायच्या त्या क्षणापुरती लागते. एकदा गिअर लागला की तो टिकवण्याचं काम ऑइलचा दाबच करतो. म्हणून वीज गेली तरी चालू गिअर सुटत नाही. पाचव्या गिअरमध्ये ९० च्या वेगाने चाललेली गाडी पाचव्यातच चालत राहते, चाकं अचानक आवळली जात नाहीत. दाब नियंत्रित करणारे सोलेनॉइड तर मुद्दाम उलटे बसवलेले आहेत : वीज असेल तेव्हा ते दाब कमी करतात, वीज गेली की दाब आपोआप कमाल होतो. प्लेट होता होईल तो घट्ट धरल्या जाव्यात म्हणून. कन्व्हर्टरमधला लॉकअप क्लच, जो एरवी दोन पंख्यांना एकत्र बांधून घसरण टाळतो, तो मात्र सुटतो, कारण तो अडकून राहिला तर थांबताना इंजिन बंद पडेल.

म्हणजे फॉल्ट आला त्या क्षणी गाडी त्याच गिअरला चिकटते. अडचण येते ती वेग कमी झाल्यावर. पाचव्यात चिकटलेली गाडी टोलनाक्यावर थांबली आणि पुन्हा निघाली, तर ती पाचव्यातच निघायचा प्रयत्न करते. सपाटीवर ती कण्हत सरकेल, चढावर उचलणारच नाही, आणि चालक जोर लावेल तेवढी उष्णता कन्व्हर्टरमध्ये साठेल. घाट उतरताना पाचव्यात चिकटली तर इंजिनब्रेकिंग जवळजवळ नसतं, सगळा भार पायाच्या ब्रेकवर येतो. म्हणून दिवा लागल्यावर शक्यतो पहिल्या सपाट, मोकळ्या जागी थांबायचं, वळणावर किंवा चढाच्या मध्यावर नाही.

थांबल्यावरचा क्रम वर्कशॉपच्या पुस्तकात दिलेला आहे : लिव्हर पीमध्ये, इंजिन बंद, किमान दहा सेकंद थांबायचं, पुन्हा स्टार्ट करायचं, मग ‘डी’. आता गाडीला दुसरा गिअर मिळतो. ‘आर’ टाकलं तर रिव्हर्सही मिळतो. पहिला, तिसरा, चौथा, पाचवा मिळत नाहीत.

हे दहा सेकंद यंत्राच्या गरजेतून आले आहेत. जुना गिअर ऑइलच्या दाबावर अडकलेला आहे. इंजिन बंद होऊन पंप थांबल्यावर तो दाब हळूहळू गळून जायला काही सेकंद लागतात. तो गळला की स्प्रिंग व्हॉल्व्हना त्यांच्या मूळ जागी ढकलतात. आणि व्हॉल्व्ह मूळ जागी असताना, एकाही सोलेनॉइडला वीज नसताना, ‘डी’च्या वाटेने येणारं ऑइल जिथे पोचतं तिथे दुसरा गिअर लागेल अशीच आतल्या चरांची आखणी केलेली आहे. लिव्हरचा दांडा गिअरबॉक्समधला एक व्हॉल्व्ह प्रत्यक्ष सरकवतो, म्हणून रिव्हर्सलाही कॉम्प्युटरची परवानगी लागत नाही. किल्ली झटकन बंद-चालू केली तर दाब गळत नाही, जुनाच गिअर टिकतो, आणि चालक म्हणतो की करून बघितलं, काही उपयोग झाला नाही.

दुसराच गिअर का? पहिला दिला असता तर गाडी तीस-पस्तिसलाच ओरडू लागली असती. तिसरा दिला असता तर चढावर उचलली नसती. दुसऱ्यात ३००० आरपीएमला वेग पन्नासच्या आसपास जातो, शहर गाठायला तेवढा पुरतो. मर्सिडीजच्या कितीतरी गाड्या हलक्या अॅक्सिलरेटरला एरवीही दुसऱ्यातूनच निघतात. त्यामुळे शहरात लिम्प मोड लागलेला काही वेळ कळतही नाही. सिग्नलवरून गाडी नेहमीसारखी निघते, मग इंजिनचा आवाज चढत जातो आणि पुढचा गिअर काही पडत नाही. दुसरी खूण म्हणजे ‘डी’ किंवा ‘आर’ टाकताना बसणारा दणका, कारण दाब कमाल आहे.

आता पुन्हा तो चढ. दहाला एक, दोन टनांची गाडी, पण या वेळी पहिल्याऐवजी दुसरा गिअर. चाकांना हवा तो जोर दुसऱ्यातून मिळवायला कन्व्हर्टरला दीडपटीहून जास्त ओढावं लागतं, इंजिनचा वेगही वाढवावा लागतो, आणि उष्णता दोनवरून चार किलोवॉटच्या वर जाते. चालताना लॉकअपही नाही, म्हणजे घसरण सतत आहे. लिम्प मोड गिअरबॉक्सच्या प्लेट वाचवतो, ऑइलला मात्र तो एरवीपेक्षा जास्त तापवतो. सपाट रस्त्यावर वीस-तीस किलोमीटर सावकाश जाणं ठीक. कुटुंब आणि सामान भरून घाट चढायला तो बनवलेलाच नाही.

या डब्याचं एक दुखणं इतकं ठरलेलं आहे की त्याचा प्रवास तपशिलात बघण्यासारखा आहे. गिअरबॉक्सच्या उजव्या अंगाला, पॅनच्या वर, तेरा पिनांचा एक गोल प्लग आहे. आतल्या कंडक्टर प्लेटला बाहेरच्या वायरिंगशी तो जोडतो. त्याच्या प्लॅस्टिकच्या बुशीवर रबराच्या दोन ओ-रिंग असतात. वर्षानुवर्षं नव्वद अंशांच्या ऑइलला लागून त्या कडक होतात आणि ऑइल थेंबाथेंबाने बाहेर येऊ लागतं. पार्किंगच्या फरशीवर तांबूस डाग दिसतो, आणि बहुतेकांना तो इंजिन ऑइलचा वाटतो.

समजा अशीच एक ई-क्लास पुण्याहून पाचगणीला निघाली आहे. ऑइल लिटरभर कमी आहे. खंबाटकीपर्यंत काही जाणवलं नाही. वाई सोडून पसरणी घाट लागला, ऑइल तापून पातळ झालं, आणि चढावरच्या एका वळणावर पॅनमधलं ऑइल मागच्या बाजूला झुकलं. पंपाच्या तोंडाशी क्षणभर हवा आली. दुसऱ्यातून तिसरा पडताना इंजिनचा आवाज एकदम वर गेला आणि मग धक्क्याने गिअर बसला. असं दोनदा-तीनदा झालं, गुणोत्तर जुळलं नाही, आणि लिम्प मोड लागला. चालकाने रस्त्याकडेच्या रुंद जागी थांबून इंजिन बंद केलं, पुन्हा सुरू केलं, आणि गाडी चक्क पूर्ववत झाली. तात्पुरता फॉल्ट किल्ली बंद-चालू केल्यावर असा निघून जातो. एकदा झालं तर पुढे जायला हरकत नाही, पण त्याच दिवशी दुसऱ्यांदा झालं तर परत फिरणं शहाणपणाचं, कारण दर वेळी त्या प्लेट खरोखर घासल्या जातात.

गॅरेजमध्ये अशा गाडीला साधा ओबीडी स्कॅनर लावला की बऱ्याचदा एकच कोड येतो : P0700. तो वाचून काही जण गिअरबॉक्सच गेला असं सांगतात. त्या कोडचा अर्थ एवढाच की गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरने इंजिनच्या कॉम्प्युटरला कळवलंय, माझ्याकडे काहीतरी नोंद आहे. ती नोंद काय, हे गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरशी थेट बोलणाऱ्या स्कॅनरवरच दिसतं. तिथे P0730 म्हणजे गुणोत्तर जुळत नाही, P0715 म्हणजे आत शिरणाऱ्या वेगाचा सेन्सर, P0218 म्हणजे ऑइल जास्त तापलं होतं. या तिन्हींचे खर्च अगदी वेगळे आहेत.

कोड वाचण्याआधीही चालकाच्या सांगण्यावरून बरंच ओळखता येतं. ऑइल कमी असेल तर दुखणं तापल्यावर, चढावर, वळणावर येतं, आणि लिम्प मोड लागण्याआधी इंजिनचा आवाज रिकामा चढतो. बिघाड विजेचा असेल तर गाडी सपाट रस्त्यावर, कधी सकाळी थंड असतानाही, कसलीही घसरण न जाणवता एकदम चिकटते. आपल्या पाचगणीच्या गाडीची लक्षणं पहिल्या प्रकारातली आहेत. तरी मेकॅनिकने तो तेरा पिनांचा प्लग काढून बघायलाच हवा. त्याची कडी फिरवली की तो सुटतो, पिना ओल्या असतील तर गळतीचं मूळ सापडलं.

पण एवढ्यावर थांबून चालत नाही. गळणारं ऑइल वायरींच्या आतून, तांब्याच्या बारीक तारांमधल्या फटींतून वर चढतं. दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं ते थेट बॉनेटखालच्या डब्यात बसलेल्या गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरपर्यंत पोचतं. तिथला प्लग काढला आणि बोट तेलकट झालं, की पुढे विजेचे खोटे फॉल्ट का येऊ लागणार ते कळतं. अशा वेळी नुसता कॉम्प्युटर बदलला तर नवाही काही महिन्यांत तसाच भिजतो. काम करायचं ते या क्रमाने : बुशी नवी ओ-रिंगसह बदलायची, ती एकाच छोट्या बोल्टवर बसते. कॉम्प्युटर आणि त्याचा प्लग कॉन्टॅक्ट क्लीनरने धुवायचा. पॅन उतरवून फिल्टर आणि ऑइल बदलायचं आणि पॅनमधल्या चुंबकाकडे नीट बघायचं. चुंबकावर राखाडी मऊ गाळ असणं वयाचं लक्षण आहे, धातूचे चमकते तुकडे असणं मोठ्या खर्चाचं. मग ८० अंशांवर पातळी, आणि शेवटी कोड पुसणं. कायमच्या स्वरूपाचा फॉल्ट नोंदला गेला असेल तर दुरुस्ती होऊनही तो पुसेपर्यंत गाडी दुसऱ्याच गिअरवर राहते, आणि मालक दुरुस्तीलाच दोष देत बसतो.

वयात आलेल्या रेडिएटरवरही नजर हवी. त्याच्या टाकीतली ऑइलची जाळी आतून फुटली तर कूलंट गिअरबॉक्समध्ये शिरतं. त्यातलं ग्लायकॉल लॉकअप क्लचच्या अस्तराला मारक असतं. मग गाडी साठ-सत्तरच्या वेगाला रंबल स्ट्रिपवरून चालल्यासारखी थरथरते. तापमान तेव्हा अगदी ठीक असतं आणि दिवाही लागलेला नसतो.

इतर डब्यांचे लिम्प मोड याच विचाराचे पण वेगळ्या बेताचे आहेत. झेडएफच्या सहा गिअरांच्या डब्यात वीज गेली तर खालच्या गिअरांत असलेली गाडी तिसऱ्यावर येते, वरच्यांत असलेली पाचव्यावर, आणि इंजिन पुन्हा सुरू केल्यावर तिसरा मिळतो. चाकणला बनलेल्या पोलो जीटी टीएसआयमधला सात गिअरांचा डीएसजी तर दोन क्लचचा आहे. एका क्लचवर विषम गिअर, दुसऱ्यावर सम गिअर आणि रिव्हर्स. एक बाजू बिघडली तर तो ती बाजू बंद करून दुसऱ्यावर चालतो. सम बाजू बंद झाली की रिव्हर्स गेला, त्यामुळे अशी गाडी लावताना तोंड बाहेरच्या दिशेला ठेवायला लागतं. त्याचे क्लच कोरडे आहेत, त्यांना ऑइलचा थंडावा नाही. म्हणून तो घाटातल्या सरकत्या रांगेत टॉर्क कन्व्हर्टरपेक्षा लवकर कुरकुरतो, आणि उभं राहून विश्रांती देणं हाच त्याला उपाय आहे.

तापलेलं ऑइल आणि लिम्प मोड एकदमच आले, तर ७२२.६ सारख्या डब्यात आधी पीमध्ये इंजिन चालू ठेवून ऑइल निवू द्यायचं, आणि नंतर बंद करून दहा सेकंद मोजायचे. एवढं करूनही दुसरा गिअर मिळत नसेल तर गाडी ओढून न्यावी लागते, आणि तिथेही तोच पंप मध्ये येतो. इंजिन बंद असताना मागची चाकं फिरली की गिअरबॉक्सचे आतले भाग फिरतात, पण त्यांना ऑइल पोचवणारं कोणी नसतं. त्यामुळे मर्सिडीजच्या पुस्तिकेत न्यूट्रलमध्ये ओढायची मर्यादा ५० किलोमीटर अंतर आणि ताशी ५० किलोमीटर वेग अशी दिलेली आहे. गाडी ढकलून स्टार्ट करणं तर शक्यच नाही, कारण इंजिन फिरल्याशिवाय दाब नाही आणि दाबाशिवाय गिअर नाही. पाचगणीहून पुण्याला यायचं असेल तर चारही चाकं जमिनीवरून उचलणारा फ्लॅटबेडच बोलवावा.